३१ मेला निवृत्त झालेल्या बाईंना आता ऑगस्टमध्ये निरोपाचं पत्र: माफीनामा न होता कसं लिहावं?

खडूफळा

आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या ज्येष्ठ बाई ३१ मेला निवृत्त झाल्या. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून निरोपाचा कार्यक्रम १ मेलाच झेंडावंदन आणि निकालवाटप झाल्यावर उरकला. मी त्या दिवशी माहेरच्या लग्नात होते. जूनमध्ये शाळा भरली तोपर्यंत बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या होत्या. त्यांचा चौथीचा वर्ग आता माझ्याकडे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं नाही, नीट पत्रच पाठवायचं आहे. मजकूर लिहिला, पण वाचताना तो रजेच्या अर्जासारखा वाटतो:

> आदरणीय बाई, सर्वप्रथम मनापासून क्षमस्व. तुमच्या निरोप समारंभाला यायची खूप इच्छा होती, पण घरात लग्न असल्याने जमलं नाही. नंतर शाळा सुरू झाल्यावर प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, ऑनलाइन माहिती भरणं यात दिवस गेले. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता अडीच महिने झाले. खरंच लाज वाटते. उशिरा का होईना, आपणास सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा. आपले पुढील आयुष्य सुखाचे, समृद्धीचे व निरामय जावो ही ईश्वरचरणी प्रार्थना. चूकभूल माफ असावी.

यात काय ठेवू, काय काढू? आणि पत्रासोबत मुलांकडून काही पाठवायचं असेल तर काय पाठवावं?

---

कोल्हापुरी_सर

ताई, माझं मत स्पष्ट आहे. निरोपाला महिन्याची मुदत असते. त्यानंतर पत्र पाठवलं की समोरच्याला वाटतं, आत्ता आठवण झाली वाटतं! त्यापेक्षा सरळ सत्कारच ठेवा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि एक सन्मानचिन्ह. शाळेत आठ शिक्षक असतील तर दोनदोनशे रुपये वर्गणी काढली तरी सोळाशे होतात, त्यात नीट बसतं. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बोलवा. बाईंना गाडी पाठवा. कार्यक्रम झाला की उशीर कोण लक्षात ठेवतो?

---

शाईपेन

सर, बाईंचा कार्यक्रम १ मेला झालेला आहे. दुसरा सत्कार ठेवला तर पुण्याहून येण्याजाण्याचा त्रास त्यांनाच, आणि तोही एका सहकारी शिक्षिकेचं राहून गेलं म्हणून. प्रश्न पत्राचा आहे, तेवढंच पाहू.

महिन्याची मुदत मला पटत नाही. निवृत्तीनंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस फोन, हार, पेढे आणि नातेवाइकांच्या गर्दीत जातात. त्या दिवसांत आलेले संदेश एकमेकांत मिसळून जातात, कुणी काय लिहिलं ते लक्षात राहत नाही. जूनच्या मध्यावर शाळा भरते (विदर्भात त्यानंतर), आणि त्या दिवशी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सकाळी कुठेच जायचं नसतं. पोकळी तिथून जाणवायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचलेलं पत्र त्या पोकळीत पोहोचतं. म्हणजे तुमची वेळ वाईट नाही, फक्त पत्राला मे महिन्याचा मजकूर घालू नका.

आणखी एक गोष्ट. ३१ मेला निवृत्त होणारे शिक्षक आपल्याकडे ढिगाने असतात. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून टाकायची जुनी पद्धत होती, आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. राज्य सरकारच्या नियमाने ५८ पूर्ण झाली की ३१ मे. या सगळ्यांचा खरा शेवटचा दिवस सुट्टीत जातो. कार्यक्रम महिनाभर आधी होतो आणि निम्मा स्टाफ गावी असतो. बाईंनी इतकी वर्षं हे दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. कोण आलं, कोण नाही याची यादी त्यांनी धरून ठेवली असेल असं मानून लिहायला बसलात की मजकूर आपोआप अर्ज होतो.

आता मसुदा. पहिली पाच वाक्यं तुमच्याबद्दल आहेत. लग्न, प्रवेशोत्सव, ऑनलाइन माहिती, लाज. बाई येतात सहाव्या वाक्यात, आणि तिथे जे आहे ते कुठल्याही निवृत्ताला चालेल असं छापील वाक्य आहे. अशी माफी वाचणाऱ्याला कामाला लावते. त्यांना आता "अगं असू दे, लग्नघर म्हटल्यावर कसं जमणार" असं तुमचं समाधान करत बसावं लागेल. निरोप त्यांचा, आणि समजूत तुमची निघते.

म्हणून "सर्वप्रथम" पासून "उशिरा का होईना" पर्यंत सगळं काढा. "चूकभूल माफ असावी" सुद्धा काढा, कारण शेवटची ओळ डोक्यात राहते.

त्या जागी असं काहीतरी हवं की जे मे महिन्यात कुणालाच लिहिता आलं नसतं. १ मेच्या भाषणात लोक म्हणाले असतील की तुमची उणीव भासेल. तुम्ही तो वर्ग चालवताय. बाईंचं नेमकं काय मागे राहिलंय, काय चालू आहे, मुलं काय विचारतात हे तुम्हाला रोज दिसतंय. ते एकच, पण नेमकं, लिहा. वर्गात बाईंची अशी कुठली वस्तू किंवा सवय आहे?

---

खडूफळा

आहे ना. एक शब्दपेटी आहे, बुटाच्या खोक्याला रंगीत कागद लावून केलेली. तिच्यात बाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. प्रार्थना झाली की एक मूल चिठ्ठी काढतं, आणि सगळे त्या शब्दाचं वाक्य करतात. मी आल्यावर मुलांनीच मला सांगितलं की हे रोज करायचं असतं.

---

शाईपेन

मग पत्र तयारच आहे. पहिली ओळ तिथून सुरू करा. कोणत्या दिवशी कोणता शब्द निघाला आणि कुणी काय वाक्य केलं, ते जसंच्या तसं लिहा. "मुलं तुमची खूप आठवण काढतात" यातून बाईंना काहीच दिसत नाही. एका मुलाचं एक वाक्य लिहिलंत तर वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो.

---

मिरजकर

शाईपेन यांच्याशी बरंचसं सहमत, पण एका जागी अडतो. उशिराचा उल्लेखच नाही, असं कसं चालेल? बाई काही वेड्या नाहीत. अडीच महिन्यांनी पत्र येतंय आणि त्यात कार्यक्रमाबद्दल अवाक्षर नाही, तर ते उलट खटकेल. एक ओळ हवीच. "तुमच्या कार्यक्रमाला येता आलं नाही, क्षमा असावी." संपलं.

---

शाईपेन

उल्लेख आणि माफी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. उल्लेख जरूर करावा, पण तो पत्राच्या मध्यावर, एका साध्या वाक्यात, विशेषण न लावता आणि कारण न देता. "१ मेला मी गावी होते, कार्यक्रमाचे फोटो नंतर पाहिले." यात लपवाछपवी नाही आणि समोरच्याकडून उत्तराचीही मागणी नाही. त्याला लगेच फोटोतली एखादी गोष्ट जोडली की वाक्य बाईंकडे वळतं. फोटोत बाई कुणाशेजारी उभ्या होत्या, मुलांनी काय दिलं होतं, असं काहीही चालेल.

"क्षमा असावी" आलं की वाचणाऱ्याला क्षमा करावी लागते. एवढाच माझा आक्षेप आहे.

---

मिरजकर

फोटो पाहिल्याचं वाक्य चांगलं आहे. पण समजा खडूफळा यांनी "मी नक्की येते" असं सांगितलेलं होतं, किंवा सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं आणि त्या आल्या नाहीत, तर? मग फोटोवर भागत नाही.

---

शाईपेन

बरोबर. शब्द दिलेला मोडला असेल तर माफी मागायलाच हवी, पण ती फोनवर, वेगळी, आणि पत्राच्या आधी. दोन मिनिटांचा फोन करायचा: "बाई, त्या दिवशी मी येते म्हणाले होते आणि आले नाही. चुकलं माझं." त्यावर त्या जे बोलतील ते ऐकून घ्यायचं. मग चार-आठ दिवसांनी पत्र जातं आणि त्यात त्या विषयाचा एकही शब्द नसतो. दोन्ही एकाच कागदावर आलं तर माफीही पातळ होते आणि निरोपही.

---

मिरजकर

हे मान्य. तरी लहानशी "राहून गेलं होतं" एवढी कबुली पत्रात असायला माझी हरकत नाही. आपल्या बोलण्यात ते येतंच, आणि त्याने कुणी अवघडत नाही.

---

पुणे_३०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. आमच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याला कर्मचारीकपातीत काढलं. सकाळी मीटिंग झाली आणि दुपारी त्याचं खातं बंद. टीममधून कुणीच नीट निरोप दिला नाही. आता तीन महिने झालेत. वैयक्तिक नंबर आहे. "ऑल द बेस्ट फॉर न्यू जर्नी" टाइपचं पाठवू का?

---

शाईपेन

नको. स्वतःहून गेलेल्या माणसाला "नवीन वाटचालीस शुभेच्छा" शोभतं. काढून टाकलेल्याला नवी वाट अजून सापडली नसेल तर ते टोचतं. "कंपनीने बरोबर केलं नाही" असंही लिहू नका, कारण तुम्ही अजून तिथे आहात आणि त्याला तुमच्याशी त्या विषयावर बोलावं लागेल.

त्याच्याकडून शिकलेलं किंवा त्याने बांधून दिलेलं, आजही वापरात असलेलं एक काम नावानिशी लिहा. आणि देता येण्याजोगं काही असेल तर ते स्पष्ट द्या: "संदर्भासाठी माझं नाव द्यायचं असेल तर खुशाल दे, फोन आला तर मी तुझ्या अमुक कामाबद्दल बोलेन." कोणतं काम ते लिहिलंत की देणं खरं वाटतं. "काही लागलं तर सांग" यातून त्याला काहीच मिळत नाही, आणि तो सांगतही नाही.

---

पुणे_३०

हे कामाचं आहे. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी मिळून टाकलं तर?

---

गोदाकाठ

ग्रुपवर टाकायच्या आधी तो माणूस ग्रुपमध्ये आहे का ते बघा! शाळांच्या ग्रुपवर हे हमखास होतं. शिक्षक निवृत्त झाले किंवा बदलीने कार्यमुक्त झाले की स्वतः बाहेर पडतात, नाहीतर अ‍ॅडमिन काढून टाकतो. मग महिन्याभराने कुणीतरी त्याच ग्रुपवर शुभेच्छा टाकतं, त्याखाली चाळीस जण हात जोडतात, आणि ज्यांच्यासाठी टाकलं त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. टाकणाऱ्याच्या मनात मात्र "आपण पाठवलं" असं बसतं. ग्रुप उघडून सदस्यांच्या यादीत नाव शोधायला दहा सेकंद लागतात.

नाव असलं तरी ग्रुपवर नकोच. एकाने उशिराचं टाकलं की बाकीच्यांनाही आपलं राहिल्याचं आठवतं, आणि मग एकाच दिवशी तीस "हार्दिक शुभेच्छा" येऊन पडतात. त्या तिसांना उत्तर देत बसणं हे निवृत्त माणसाचं काम होऊन बसतं.

आमच्याकडे आंतरजिल्हा बदलीने गेलेल्या सरांना निरोप द्यायचा राहिलाय. आदेश आला आणि दुसऱ्या दिवशी ते कार्यमुक्त झाले. त्यांनाही असंच पत्र चालेल का?

---

शाईपेन

चालेल, पण बदलीत एक फरक आहे. सर आता दुसऱ्या स्टाफमध्ये बसतायत. तुमचं पत्र ते तिथल्या कुणाला वाचून दाखवतील, निदान हातात तरी धरतील. त्यात "तुमच्यासारखा शिक्षक तिथल्यांना काय कळणार" असलं काही नको, आणि "तुम्ही गेल्यापासून शाळेची रया गेली" हेही नको. त्यांनी मागे ठेवलेलं एक काम चालू आहे एवढं सांगा. बरेचदा ते स्वतःच्या गावाजवळ बदली मागून गेलेले असतात. तसं असेल तर घर जवळ आल्याचा आनंद दोन शब्दांत लिहा. दुःखाचा सूर तिथे विसंगत वाटतो.

---

कोल्हापुरी_सर

माझा मुद्दा पुन्हा मांडतो, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. गावात लोकांना दिसलेलं लागतं. पत्र घरात राहतं. बाईंनी पस्तीस वर्षं गावाला दिली असतील तर उशिरा का होईना, वस्तू द्यायलाच हवी.

---

शाईपेन

वस्तू द्यायला ना नाही, सर. पण उशिराच्या वस्तूवर काय कोरलं जातं तिथे गडबड होते. सन्मानचिन्हाच्या दुकानात आपण काही सांगितलं नाही तर ते "सेवानिवृत्तीनिमित्त निरोप समारंभ, दि." असा ठरलेला मजकूर घालून मोकळे होतात. मग एकतर ऑगस्टची तारीख येते आणि उशीर पितळेत कायमचा राहतो, नाहीतर मेची खोटी तारीख टाकावी लागते. त्याऐवजी सेवाकाल कोरायला सांगा, "१९९०–२०२५" असा, आणि खाली शाळेचं नाव. ते कधीही दिलं तरी बरोबरच असतं.

मोठ्या वस्तूचा दुसरा तोटा म्हणजे ती उशिराची भरपाई वाटते. जितका उशीर जास्त तितकी वस्तू महाग, असं गणित घेणाऱ्याला लगेच कळतं. साधं पत्र आणि मुलांचे कागद एवढंच असलं तर असा हिशोब मनात येत नाही.

---

कोल्हापुरी_सर

सेवाकालाचं पटलं. ते आमच्या पुढच्या कार्यक्रमाला सांगतो.

---

खडूफळा

मुलांच्या कागदांबद्दल सांगाल का? वर्गात २८ मुलं आहेत. सगळ्यांकडून एकेक पत्र लिहून घ्यावं असं मनात आहे.

---

गोदाकाठ

एक आधी तपासा. चौथीतली ही मुलं बाईंच्या हाताखाली होती का? बाईंचा चौथीचा वर्ग म्हणजे गेल्या वर्षीची मुलं, ती आता पाचवीत.

---

खडूफळा

बाईंकडे तिसरी-चौथी एकत्र होती. म्हणजे आत्ताची चौथी गेल्या वर्षी त्यांच्याकडे तिसरीत होती. पाचवीची मुलं शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातात.

---

गोदाकाठ

मग झालं. फक्त फळ्यावर मजकूर लिहून देऊ नका. फळ्यावर "बाई, आम्हाला तुमची खूप आठवण येते" लिहिलं की २८ कागदांवर तेच वाक्य येतं. एकाने आठवणच्या "ण"चा "न" केला तर शेजारच्या तिघांचाही होतो. बाई ओळखतीलच की हे उतरवून घेतलंय, त्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्यात.

मुलांना प्रश्न द्या, आणि असा की ज्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. "बाईंनी शिकवलेली कोणती गोष्ट तू घरी करतोस?" किंवा शब्दपेटीतला आवडता शब्द आणि त्याचं वाक्य. दोन-तीन ओळी पुरेत. शुद्धलेखन दुरुस्त करू नका. मुलांना "सॉरी बाई" वगैरे काही सांगू नका, त्यांच्या डोक्यात उशीर नाहीच.

---

टपालहंशील

पाठवायची बाजू मी सांगतो, कारण लिहिलेलं सगळं इथे अडकतं.

साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला आणखी ५. नेहमीचा ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅमचा. तुमचं पत्र दोन पानांचं आणि पाकीट जरा जाड असेल तर २० ग्रॅमच्या आसपास जातं. त्यात फोटो किंवा ग्रीटिंग कार्ड टाकलं की ओलांडतं. लोक सवयीने पाच रुपयांचं तिकीट लावून पेटीत टाकतात आणि पत्र नॉटपेड होतं. मग पोस्टमन दारात उभा राहून बाईंकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे मागतो. उशिराच्या पत्रासाठी पैसे मोजायला लावणं फार वाईट दिसतं.

तुमचे २८ कागद अर्ध्या ए-फोरचे धरले तर तेच सत्तर ग्रॅमच्या घरात जातात. पत्र आणि पाकीट मिळून शंभरच्या आसपास. हे पेटीत टाकू नका. काउंटरवर वजन करून स्पीड पोस्टने पाठवा, पावतीवरच्या नंबराने कुठपर्यंत पोहोचलं ते दिसतं. कागद घड्या घालून कोंबू नका. मोठं पाकीट घ्या आणि मागे एक पुठ्ठा ठेवा. ऑगस्ट आहे, म्हणून कागद आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पाकिटात. मुलांनी स्केचपेनने लिहिलं असेल तर एका थेंबाने सगळं पसरतं. त्यांना पेन्सिल नाहीतर बॉलपेन द्या.

पत्ता. बाई मुलाकडे राहतात, म्हणजे दारावरची पाटी मुलाची. दुसऱ्या ओळीत "द्वारा" लिहून मुलाचं पूर्ण नाव घाला. सोसायटीत वॉचमन आणि पोस्टमन पाटीवरच्या नावाने शोधतात. निवृत्त आई-वडिलांची पत्रं "असं कुणी राहत नाही" म्हणून परत येतात ती याच कारणाने. मुलीकडे राहत असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे आडनावच वेगळं असतं. इमारत, विंग, फ्लॅट नंबर, पिनकोड आणि मोबाइल नंबर लिहा. स्वतःचा पत्ताही लिहा, शाळेचा लिहिलात तरी चालेल.

---

खडूफळा

पत्ता विचारायला बाईंनाच फोन केला तर सगळं आधीच कळेल. आणि पाकिटावर सौ. लिहू की श्रीमती?

---

शाईपेन

पत्ता मुख्याध्यापकांकडे मिळेल. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी कायमचा पत्ता दिलेला असतो, पण तो गावाकडचा असू शकतो. पुण्याचा पत्ता त्यांच्या मुलाला मेसेज करून विचारा. त्याला एवढंच सांगा, "बाईंसाठी शाळेतून पत्र पाठवतेय."

पाकिटावर श्रीमती लिहा. हजेरीपत्रकावर तेच असतं आणि ते कुठेही चुकत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं. या पत्रात कामाचं काहीही विचारू नका. कपाटाची चावी, जुना निकालपत्रकाचा गठ्ठा, यातलं एकही वाक्य त्यात नको. निवृत्त शिक्षकाला शाळेतून येणारे फोन बहुतेक याच कामांचे असतात, आणि मग अडीच महिन्यांनी आलेलं पत्रही त्याच कारणाने आलं असं वाटतं. "पेन्शन सुरू झाली का?" हेही विचारू नका. कागद पंचायत समितीत अडकले असतील तर ती दुखरी नस आहे. चावी हवीच असेल तर आजच वेगळा फोन करून टाका, आणि पत्र पुढच्या आठवड्यात पाठवा.

---

मिरजकर

५ सप्टेंबर तोंडावर आहे. शिक्षकदिनाच्या दिवशी पोहोचेल असं पाठवलं तर उशिराचा प्रश्नच मिटतो की.

---

शाईपेन

सुचतं खरं, पण मला ते पटत नाही. त्या दिवशी पोहोचलं की ते शिक्षकदिनाचं पत्र होतं. बाईंचे जुने विद्यार्थी त्या दिवशी फोन करणार, फुलांची चित्रं पाठवणार, त्या गर्दीत हेही एक. शिवाय त्यांचं वाचन असं होईल की सणाचं निमित्त साधून उरकलं. कुठलाही दिवस नसलेला साधा मंगळवार-बुधवार बरा. पत्र त्यांच्यासाठीच लिहिलंय हे त्यातून कळतं.

---

मिरजकर

मला अजून वाटतं, शिक्षकाला शिक्षकदिनाला आलेलं पत्र जास्त आवडेल. निवृत्तीनंतरचा पहिला शिक्षकदिन रिकामा जाणं हेही सोपं नसतं. असो, हे ज्याच्या त्याच्या माहितीतल्या माणसावर.

---

खडूफळा

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. बघा:

> आदरणीय बाई,
> सप्रेम नमस्कार.
>
> तुमची शब्दपेटी खिडकीजवळच्या फळीवरच आहे. प्रार्थना झाली की एक जण चिठ्ठी काढतो. सोमवारी "ओंजळ" निघाला. बरेच जण अडले, मग मागच्या बाकावरून वाक्य आलं, "बाई ओंजळभर चिंचा द्यायच्या आणि बिया परत मागायच्या." सगळा वर्ग हसला. त्या बिया तुम्ही बेरजेसाठी ठेवायचात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बरणी मिळाली, आता गणिताला वापरतो.
>
> १ मेला मी गावी होते. कार्यक्रमाचे फोटो पाहिले. तुमच्या हातातलं मुलांनी केलेलं कागदी फुलांचं ताट फार छान दिसतंय.
>
> १९९० ते २०२५ एवढी वर्षं तुम्ही सकाळची घंटा पाळलीत. आता सकाळ तुमच्या मनाप्रमाणे सुरू होवो. मी तुमच्याकडून शिकले ते म्हणजे चुकलेल्या मुलाला सगळ्यांसमोर न थांबवता त्याचं वाक्य पूर्ण होऊ देणं. वर्गात ते रोज उपयोगी पडतं.
>
> सोबत मुलांनी लिहिलेले कागद आहेत. पेटीतल्या चिठ्ठ्या आता मऊ पडल्यात, आम्ही नव्या कागदावर उतरवतोय. तुमच्या अक्षरातल्या मूळ चिठ्ठ्या मात्र जपून ठेवल्यात.
>
> तुमची,

---

शाईपेन

पाठवा. "बिया परत मागायच्या" हे वाक्य वाचून बाई वर्गात जाऊन येतील. एकच बदल सुचवतो. "सकाळ तुमच्या मनाप्रमाणे सुरू होवो" या ओळीनंतर "शिकले ते" नवीन परिच्छेदात घ्या. शुभेच्छा आणि शिकणं एकाच दमात आलं की दोन्ही घाईत वाचलं जातं. हाताने लिहा, टाइप करून छापू नका.

"पत्र मिळालं की कळवा" लिहिलं नाहीत ते बरं केलंत. पोहोचल्याचं स्पीड पोस्टवर दिसेल, त्यांच्यावर उत्तराचं ओझं नको.

---

मिरजकर

मजकूर छान झालाय. उशिराची कबुली नाही हे मला दुसऱ्या वाचनात जाणवलंच नाही. तरी एक विचारतो. बाईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "अगं, तू आली नाहीस त्या दिवशी," तर?

---

शाईपेन

तर "हो बाई, नव्हते आले. मनात राहिलं होतं," एवढं म्हणायचं, आणि लग्नाचं पुराण सुरू करायचं नाही. त्यांनी कारण विचारलं तर एका वाक्यात सांगायचं. लगेच चिंचांच्या बियांवर यायचं. वयाने मोठी माणसं बहुधा आपुलकीने म्हणतात तसं, जाब म्हणून नाही. "मनात राहिलं होतं" हे फोनवर चालतं, कारण तिथे उत्तर लगेच येतं आणि विषय पुढे जातो. कागदावर ते वाक्य एकटं पडून राहतं.

---

गोदाकाठ

खडूफळा, मूळ चिठ्ठ्यांतली एखादी पाकिटात घालाल का? बाईंच्याच अक्षरातला "ओंजळ" त्यांना परत मिळाला तर?

---

खडूफळा

हे सुचलं नव्हतं. पण मुलांना विचारावं लागेल. पेटी त्यांच्या ताब्यात आहे, आणि मोजल्याशिवाय ती चिठ्ठी देत नाहीत.

---

टपालहंशील

घातलीत तर वेगळ्या छोट्या पाकिटात घाला. २८ कागदांत सुटी चिठ्ठी राहिली तर पाकीट उघडताना खाली पडेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.